क्लिपिंग प्लेन आणि खोलीची अचूकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिमितीय दृश्यात कॅमेऱ्याने किती जवळपासून किती लांबपर्यंतचे दाखवावे, हे `near` आणि `far` या दोन आकड्यांनी ठरते. या मर्यादांवरच्या, दृश्य कापणाऱ्या प्रतलांना क्लिपिंग प्लेन म्हणतात. बहुतेक जण हे आकडे एकदा लिहून विसरतात आणि पुढे लांबच्या डोंगरावर पट्टे लुकलुकू लागले की मॉडेलमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात दोष शोधत बसतात. खालील उत्तरांचा भर मुख्यतः या दोन आकड्यांवर आहे. स्वतः ठरवलेल्या छेदाच्या प्रतलाविषयीचे प्रश्न शेवटी घेतले आहेत. उदाहरणांत अंतर मीटरमध्ये धरले आहे, आणि जिथे कोड आवश्यक आहे तिथे बहुतांशी थ्री.जेएस ही ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्ये दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरली आहे.

क्लिपिंग प्लेनच्या पलीकडे गेलेल्या आकृतीचे नेमके काय होते?

कॅमेऱ्याला दिसणारा प्रदेश सहा प्रतलांनी बांधलेला असतो. डावे, उजवे, वरचे आणि खालचे ही चार प्रतले दृष्टिकोन, म्हणजे कॅमेऱ्याला किती अंशांचे दृश्य दिसते तो कोन, आणि पडद्याचे प्रमाण यांवरून आपोआप ठरतात; जवळचे आणि दूरचे ही दोन मात्र आपण निवडतो. एखादा त्रिकोण संपूर्णपणे या प्रदेशाबाहेर असेल, तर तो पुढच्या टप्प्यात जातच नाही. तो प्रतलावर अर्धा आत आणि अर्धा बाहेर असेल, तर त्याच्या कडा प्रतलाला जिथे छेदतात तिथे नवे शिरोबिंदू तयार होतात, त्या बिंदूंचे रंग आणि टेक्स्चरचे निर्देशांक दोन्ही टोकांवरून प्रमाणात काढले जातात, आणि बाहेरचा भाग टाकून दिला जातो. एक शिरोबिंदू बाहेर गेला तर उरलेली आकृती चौकोनी होते आणि तिचे पुन्हा दोन त्रिकोण करावे लागतात. दोन शिरोबिंदू बाहेर गेले तर उरतो तो त्रिकोणच. बहुभुजाला एकामागून एक प्रतलाने कापत जाण्याची सदरलँड आणि हॉजमन यांची पद्धत १९७४ सालची आहे, आणि आजही क्लिपिंग शिकवताना सुरुवात तिथूनच होते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कापणी वस्तूनिहाय होत नाही, त्रिकोणनिहाय होते. म्हणूनच कॅमेरा भिंतीत शिरला की संपूर्ण भिंत नाहीशी होत नाही; तिला सरळ कडेचे भोक पडते आणि त्यातून पलीकडची खोली दिसू लागते.

दूरचे प्रतल समजते, पण जवळचे प्रतल शून्यावर का ठेवता येत नाही?

लांबची वस्तू लहान दिसावी म्हणून प्रत्येक बिंदूच्या निर्देशांकांना त्याच्या अंतराने भागावे लागते. कॅमेऱ्याच्या अगदी जागेवर असलेल्या बिंदूचे अंतर शून्य असते, म्हणजे भागाकारच करता येत नाही. कॅमेऱ्याच्या मागे असलेल्या बिंदूचे अंतर ऋण असते, आणि भागाकारानंतर तो उलटा होऊन समोर असल्यासारखा भासतो. म्हणून कापणी भागाकाराच्या आधीच उरकावी लागते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता मागे हे ठरवण्यासाठी प्रत्येक पिक्सेलची खोली डेप्थ बफरमध्ये ० ते १ या आकड्यांत साठवली जाते. जवळचे प्रतल `n`, दूरचे `f` आणि बिंदूचे अंतर `d` असेल, तर साठवला जाणारा आकडा असा असतो:

```
depth = f * (d - n) / (d * (f - n))
```

येथे `n` च्या जागी शून्य घालून पाहिल्यास अंशात `f * d` आणि छेदातही `f * d` राहते. म्हणजे कोणतेही अंतर घेतले तरी उत्तर १ येते. पाच मीटरवरची खुर्ची आणि पाचशे मीटरवरचे झाड यांची खोली एकच ठरते, आणि कोणी कोणाला झाकायचे याचा निर्णयच होऊ शकत नाही.

शून्य नको, पण ०.००१ सारखा लहान आकडा दिला तर काय बिघडते?

बहुतेक तक्रारींचे मूळ याच आकड्यात असते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर दिले आहे.

वरच्या सूत्रात `f` पुरेसा मोठा असेल, तर ते जवळजवळ `1 - n/d` एवढेच उरते. `near` ०.१ धरून आकडे घालून पाहावेत. ०.२ मीटरवर खोली ०.५ होते. एक मीटरवर ती ०.९, दहा मीटरवर ०.९९ आणि शंभर मीटरवर ०.९९९ होते. याचा अर्थ असा की उपलब्ध आकड्यांपैकी निम्मे आकडे कॅमेऱ्यापुढच्या वीतभर जागेतच खर्च होतात, आणि शंभर मीटरच्या पुढच्या साऱ्या दृश्याला हजारातला एक हिस्सा मिळतो. खोलीच्या मोजपट्टीवरच्या खुणा कॅमेऱ्याजवळ दाटीवाटीने आणि लांबवर विरळ असतात असे म्हणता येईल.

या खुणा किती विरळ होतात तेही काढता येते. डेप्थ बफर `b` बिटचा पूर्णांक असेल, तर `d` अंतरावर दोन लगतच्या खुणांमधले अंतर साधारणपणे असे येते:

```
gap = d * d / (n * 2^b)
```

आता एक ठरावीक प्रसंग घेऊ. डोंगराळ भागाच्या मॉडेलवर रस्त्याची पट्टी जमिनीपासून २० सेंटिमीटर वर अंथरली आहे, आणि कॅमेरा ड्रोनप्रमाणे सरळ खाली पाहत वर चढत आहे. डेप्थ बफर २४ बिटचा आहे, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ खुणा उपलब्ध आहेत. रस्ता आणि जमीन यांच्यातले २० सेंटिमीटर एका खुणेच्या अंतराएवढे झाले की दोन्हींची खोली कधी एकच, तर कधी एका खुणेच्या फरकाने साठवली जाते. `near` ०.०१ असल्यास ही वेळ सुमारे १८३ मीटर उंचीवर येते. `near` ०.१ केल्यास ती सुमारे ५७९ मीटरवर जाते, आणि १ केल्यास सुमारे १,८३२ मीटरवर. प्रत्यक्षात लुकलुक याच्या थोडी आधीच सुरू होते, कारण शिरोबिंदूंचे गणित आणि त्रिकोणाच्या आतील खोलीचे अंदाज यांतही पूर्णांकन होत असते.

अंतराचा वर्ग सूत्रात आहे, ही बाब नजरेतून सुटू नये. अंतर दुप्पट झाले की अचूकता चौपटीने घटते. `near` ०.०१ असताना हजार मीटरवर दोन खुणांमध्ये जवळजवळ सहा मीटरची फट असते. तेवढ्या फटीत एक बैठे घर आणि त्याच्यामागची कुंपणभिंत सहज एकमेकांत मिसळून जातात.

`far` कमी केले तर लुकलुक थांबेल का?

जवळजवळ नाहीच. `near` ०.१ असताना `far` दहा हजारावरून एक हजारावर आणले, तर अचूकतेत पडणारा फरक दहा हजारात एक एवढाही नसतो. `far` कमी करण्याचा लाभ वेगळाच आहे: लांबच्या वस्तू काढण्याचे काम वाचते. अचूकतेसाठी मात्र `near` वाढवावे लागते. `near` दहापट केले की अचूकताही जवळपास दहापट होते, म्हणून पहिला हात नेहमी त्या आकड्याला लावावा.

समांतर प्रक्षेपात, म्हणजे नकाशा किंवा यांत्रिक आराखडा दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, स्थिती निराळी आहे. तिथे अंतराने भागाकार होत नाही, खुणा समान अंतरावर असतात, `near` शून्य किंवा ऋणही चालते, आणि केवळ `far` व `near` यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. दहा हजार मीटरचा पल्ला २४ बिटमध्ये बसवला तर सर्वत्र अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी फट राहते, जी सहसा पुरेशी असते.

लुकलुक याच कारणाने होते आहे, हे कसे ओळखावे?

या दोषाला झेड-फायटिंग म्हणतात, आणि त्याची ठेवण ओळखू येण्यासारखी असते. दोन पृष्ठभागांचे रंग एकमेकांत करवतीच्या दात्यांसारखे किंवा पट्ट्यापट्ट्यांनी घुसलेले दिसतात, कॅमेरा जरासा हलला की ते पट्टे सरकतात, कॅमेरा मागे नेला की वाढतात आणि पुढे आणला की विरघळतात. शंका असल्यास `near` तात्पुरते दहापट करावे. पट्टे नाहीसे झाले किंवा बरेच लांब सरकले, तर निदान पक्के झाले.

`near` कितीही वाढवून पट्टे तसेच राहिले, तर दोन शक्यता उरतात. पहिली म्हणजे दोन पृष्ठभाग खरोखरच एकाच प्रतलात आहेत, उदाहरणार्थ भिंतीवर शून्य अंतराने चिकटवलेली पाटी, किंवा चुकून दोनदा आयात झालेले तेच मॉडेल. अशा वेळी कोणताही बफर उपयोगाचा नाही; एक पृष्ठभाग किंचित पुढे घ्यावा, पदार्थाला, म्हणजे मटेरियलला, `polygonOffset` द्यावा किंवा जादा प्रत काढून टाकावी. दुसरी शक्यता म्हणजे ती लुकलुक टेक्स्चरमधल्या बारीक नक्षीची असते आणि खोलीशी तिचा संबंधच नसतो. एक पृष्ठभाग लपवूनही चमचम चालू राहिली, तर मिपमॅप, म्हणजे टेक्स्चरच्या लहान केलेल्या प्रती, तपासावेत.

मग `near` किती ठेवावे?

कॅमेरा ज्या वस्तूच्या सर्वांत जवळ जाणार आहे तिच्या अंतराच्या हिशेबाने, आणि त्यात बसेल तेवढे मोठे. थ्री.जेएसमध्ये `PerspectiveCamera` चे मूळ आकडे ०.१ आणि २००० आहेत. युनिटीत नवा कॅमेरा ०.३ आणि १००० घेऊन येतो. ब्लेंडरच्या व्ह्यूपोर्टमध्ये `N` दाबून उघडणाऱ्या पट्टीत `View` खाली `Clip Start` आणि `End` सापडतात. हे आकडे सर्वसाधारण दृश्यासाठी आहेत. घड्याळाच्या सुट्या भागांचे मॉडेल मीटरमध्ये बनवले असेल, तर ते ०.१ च्या आतच संपेल. आणि संपूर्ण तालुक्याचा भूप्रदेश असेल, तर ०.१ हा निव्वळ अपव्यय आहे.

माणसाच्या नजरेने चालणाऱ्या दृश्यात आणखी एक हिशेब करावा लागतो, आणि तो बहुतेकदा राहून जातो. `near` हे अंतर कॅमेऱ्याच्या नाकासमोर मोजलेले असते. जवळच्या प्रतलाचे कोपरे त्याहून लांब असतात. उभा दृष्टिकोन ६० अंश आणि पडदा १६:९ असेल, तर कोपरा `near` च्या सुमारे १.५४ पट अंतरावर येतो. `near` ०.३ असल्यास हे अंतर ४६ सेंटिमीटर होते. खेळाडूभोवतीच्या टकरीच्या दंडगोलाची त्रिज्या ४० सेंटिमीटर ठेवली असेल, तर तो भिंतीला खेटून उभा राहून तिरका पाहू लागताच पडद्याच्या कोपऱ्यातून भिंत कापली जाते आणि पलीकडचे दिसते. उपाय दोनच आहेत: त्रिज्या ५० सेंटिमीटर करावी किंवा `near` ०.२ वर आणावे. दुसऱ्या उपायाने लांबची अचूकता एक तृतीयांशाने घटते, त्यामुळे शक्य असेल तिथे पहिला उपाय पत्करावा असे माझे मत आहे.

थ्री.जेएसमध्ये कॅमेरा एकदा तयार झाल्यावर हा आकडा बदलला, तर पुढची दुसरी ओळ लिहिल्याशिवाय काहीच बदलत नाही:

```
camera.near = 0.5;
camera.updateProjectionMatrix();
```

कॅमेरा जागचा न हलता नुसता फिरवला तरी लांबची टेकडी प्रकटते आणि गडप होते. असे का?

दूरची मर्यादा म्हणजे कॅमेऱ्याभोवतीचा गोल नसून सपाट प्रतल आहे. `far` १००० आहे आणि टेकडी १,२०० मीटरवर आहे असे समजा. टेकडी पडद्याच्या मध्यभागी असताना तिची खोली १,२०० भरते आणि ती कापली जाते. आडवा दृष्टिकोन ९० अंशांचा असून टेकडी पडद्याच्या कडेला गेली, तर कॅमेऱ्याच्या दिशेने मोजलेली तिची खोली सुमारे ८४९ मीटरच भरते, आणि ती दिसू लागते. म्हणजे नजर वळवून टेकडीकडे पाहावे तर ती नाहीशी, आणि दुसरीकडे पाहावे तर ती कडेला हजर.

यावर धुक्याचा पडदा टाकण्याची जुनी युक्ती चालते, परंतु धुके कशावरून मोजले आहे ते पाहावे. प्रतलाच्या खोलीवरून मोजलेले धुकेही कॅमेऱ्याबरोबर फिरते. कॅमेऱ्यापासून बिंदूपर्यंतच्या खऱ्या अंतरावरून धुके मोजून ते `far` च्या आतच पूर्ण दाट होऊ दिले, तर कापल्याची कड डोळ्यांना दिसत नाही.

हातातली वस्तूही जवळून दाखवायची आहे आणि क्षितिजही. दोन्ही कसे साधावे?

सर्वांत समाधानकारक उपाय म्हणजे खोली उलटी साठवणे: जवळच्या प्रतलाला १ आणि दूरच्या प्रतलाला ०. केवळ उलट केल्याने पूर्णांकी बफरमध्ये काहीही साधत नाही. बफर ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटचा असेल, तर मात्र चित्र बदलते, कारण फ्लोटिंग पॉइंट आकडे शून्याजवळ अतिशय दाट असतात. लांबच्या अंतराची खोली आता शून्याजवळ येते, आणि भागाकारामुळे आलेला विरळपणा आकड्यांच्या दाटीने भरून निघतो. अशा मांडणीत हजार मीटरवरची फट मिलिमीटरच्याही आत येते आणि `near` लहान ठेवण्याची शिक्षा जवळजवळ उरत नाही. अनरिअल इंजिन हीच मांडणी वापरते.

ओपनजीएलमध्ये मूळ पल्ला -१ ते १ असल्यामुळे तो ० ते १ वर आणताना अर्धा मिळवला जातो, आणि शून्याजवळची सारी दाटी तिथेच पुसली जाते. म्हणून आवृत्ती ४.५ मध्ये आलेले `glClipControl` आवश्यक ठरते:

```
glClipControl(GL_LOWER_LEFT, GL_ZERO_TO_ONE);
glClearDepth(0.0);
glDepthFunc(GL_GREATER);
```

प्रक्षेपाचा मॅट्रिक्सही त्यानुसार उलटा लिहावा लागतो. या तीन ओळी आणि मॅट्रिक्स यांपैकी एकच गोष्ट राहून गेली, तर पडदा रिकामा येतो किंवा मागच्या वस्तू पुढे दिसतात.

हे शक्य नसेल, तर थ्री.जेएसमध्ये रेंडरर तयार करताना `logarithmicDepthBuffer: true` देता येते. त्यात खोली प्रत्येक पिक्सेलसाठी शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, नव्याने लिहिली जाते. त्यामुळे झाकलेले पिक्सेल आधीच गाळण्याची ग्राफिक्स कार्डाची सोय बंद पडते आणि गर्दीच्या दृश्यात वेग घटतो.

इमारत मधोमध कापून आतले दाखवायचे आहे. त्यासाठी `near` पुढे सरकवावे का?

नाही. `near` कॅमेऱ्याशी जखडलेले असते. कॅमेरा फिरला की छेदही फिरतो. दृश्यात स्थिर राहणारा छेद हवा असेल, तर स्वतःचे प्रतल द्यावे. तीन मीटरच्या वरचा सारा भाग काढून तळमजला उघडा करायचा असेल, तर असे लिहितात:

```
renderer.localClippingEnabled = true;
const cut = new THREE.Plane(new THREE.Vector3(0, -1, 0), 3);
material.clippingPlanes = [cut];
material.side = THREE.DoubleSide;
```

प्रतलाचा लंब ज्या बाजूला रोखलेला असतो ती बाजू राहते आणि विरुद्ध बाजू जाते. येथे लंब खाली आहे, म्हणून बिंदूचे चिन्हांकित अंतर `3 - y` येते. ते ऋण झाले, म्हणजे `y` तीनच्या वर गेला, की तो भाग दिसत नाही. सर्व बरोबर लिहूनही काहीच कापले जात नसेल, तर बहुधा पहिली ओळ राहिलेली असते.

कापल्यावर भिंती पत्र्याच्या पोकळ पेटीसारख्या दिसतात. त्या भरीव कशा दाखवाव्यात?

त्रिमितीय मॉडेल हे मुळात नुसते कवच असते. भिंतीच्या आत विटा नसतात. छेदाची जागा भरण्यासाठी स्टेन्सिल बफर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी एक पूर्णांक साठवणारी जागा, वापरतात. रंग आणि खोली न लिहिता, त्याच प्रतलाने कापलेले मॉडेल दोनदा काढावे: मागील बाजूच्या पृष्ठभागांसाठी प्रत्येक पिक्सेलचा आकडा एकाने वाढवावा आणि पुढील बाजूच्या पृष्ठभागांसाठी एकाने कमी करावा. कवच जिथे पूर्ण आहे तिथे बेरीज शून्य होते. जिथे छेदामुळे पुढची बाजू निघून गेली आहे आणि मागची शिल्लक आहे, तिथे आकडा शून्य राहत नाही. मग छेदाच्या प्रतलावर एक मोठा चौकोन ठेवून तो केवळ अशाच पिक्सेलांवर रंगवला की भिंत भरीव दिसते. थ्री.जेएसच्या नव्या आवृत्त्यांत त्यासाठी रेंडररला `stencil: true` सांगावे लागते.

अट एकच, पण कडक आहे: मॉडेल सर्व बाजूंनी बंद असले पाहिजे. एखादा त्रिकोण गहाळ असेल किंवा त्याचे तोंड उलटे असेल, तर त्या जागी गणना चुकते आणि भरावात भलत्याच ठिकाणी ठिगळ किंवा भोक दिसते. छेद प्रतलाबरोबर सरकवत नेला की दोष असलेला त्रिकोण नेमका कुठे आहे तेही कळते.

कापलेल्या भागावर क्लिक केले तरी तो निवडला जातो. हा दोष आहे का?

नाही. थ्री.जेएस ही कापणी पिक्सेल शेडरमध्ये करते. मॉडेलचे त्रिकोण स्मृतीत जसेच्या तसे असतात, आणि क्लिकच्या दिशेने किरण सोडून वस्तू शोधणारा `Raycaster` त्यांच्याशीच गाठ घालतो. मिळालेल्या प्रत्येक छेदनबिंदूसाठी `cut.distanceToPoint(hit.point)` तपासून ऋण उत्तरे वगळावीत आणि उरलेल्यांतील पहिला घ्यावा. सावल्यांचेही असेच आहे: छप्पर कापले तरी त्याची सावली तळमजल्यावर पडत राहते, आणि ती नको असल्यास पदार्थाला `clipShadows = true` द्यावे लागते. याच कारणाने अशा छेदाने वेगही फारसा वाढत नाही, कारण कापलेल्या भागाच्या शिरोबिंदूंचे गणित व्हायचे ते होतेच. वरचे मजले कायमच नको असतील, तर त्या वस्तूंना `visible = false` करणे अधिक स्वस्त पडते.